बँक जुळवणीपत्रक : ३१ मार्च २०२५ अखेर

मिरची-मसाला ठोक दुकान, इतवारी, नागपूर
चालू खाते, बँकेची इतवारी शाखा
तयार केल्याची तारीख : ७ एप्रिल २०२५

भाऊ,

शनिवारी पासबुक हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "बँकेत दोन लाख तीस हजार पडलेत, कळमन्याच्या मिरचीचा दोन लाखांचा ॲडव्हान्स लिहून टाक." मी चेक लिहिला नाही, जुळवणी होऊ द्या म्हटलं. ती आता झाली. ३१ तारखेला पासबुकात २,२९,९६०.५० होते हे खरं, पण त्यातल्या ८५,४१५ रुपयांचे चेक आपणच लोकांच्या हातात देऊन ठेवले होते. ॲडव्हान्सचा चेक तेव्हा गेला असता, तर त्यांतला एखादा परत येऊ शकला असता.

आपल्या रोखवहीत बँकेची शिल्लक १,८६,४१२ होती. म्हणजे फरक ४३,५४८.५० चा. त्यातला काही फरक नुसता तारखांचा आहे, तो आपोआप मिटतो. काही मात्र आपल्या वहीतच नोंदायचा राहिला होता. म्हणून आधी वही दुरुस्त केली आणि मग जुळवणी मांडली. दोन्ही एकाच कागदावर कालवलं की बँकेचे चार्जेस वर्षानुवर्षं जुळवणीतच लोंबकळत राहतात. आपल्या मागच्या फायलीत तसे दोन आहेत, त्यांचं वेगळं बोलू.

भाग १ : रोखवहीतील दुरुस्ती

| तपशील | रक्कम (रु.) |
|---|---:|
| रोखवहीप्रमाणे शिल्लक (नावे), ३१-३-२५ | १,८६,४१२.०० |
| अधिक : हिंगणघाटच्या गिऱ्हाईकाकडून थेट खात्यात एनईएफटी, २७-३ | ३२,४००.०० |
| अधिक : मुदत संपलेला चेक क्र. ००४३८८ (१६-१२-२४), रंगारी | ५,२००.०० |
| वजा : चेकबुक चार्ज, १२-३ (२०० + जीएसटी ३६) | २३६.०० |
| वजा : रोख हाताळणी चार्ज, २९-३ (४५० + ८१) | ५३१.०० |
| वजा : चेक परत आल्याचा चार्ज, २४-३ (३०० + ५४) | ३५४.०० |
| वजा : एसएमएस चार्ज, २८-३ (२५ + ४.५०) | २९.५० |
| वजा : उमरेडच्या गिऱ्हाईकाचा परत आलेला चेक, २४-३ | १८,७५०.०० |
| वजा : चेक क्र. ००४४०९, वहीत ४,६८०, प्रत्यक्षात ६,४८० | १,८००.०० |
| वजा : ३१-३ ची रोख भरणा नोंद, प्रत्यक्षात भरणा नाही | १५,०००.०० |
| दुरुस्त शिल्लक | १,८७,३११.५० |

जुनी शिल्लक आणि दुरुस्त शिल्लक यांत फरक फक्त ८९९.५० चा दिसतो. एवढ्याशा फरकासाठी कोण डोकं लावतो, असं वाटेल. पण आत ३७,६०० वाढले आणि ३६,७००.५० कमी झाले, तेव्हा हे ८९९.५० उरलेत. उमरेडचा परत आलेला चेक आणि हिंगणघाटची आलेली रक्कम यांनी एकमेकांना झाकून ठेवलं होतं.

भाग २ : जुळवणी

| तपशील | रक्कम (रु.) | एकूण (रु.) |
|---|---:|---:|
| दुरुस्त रोखवहीप्रमाणे शिल्लक | | १,८७,३११.५० |
| अधिक : दिलेले, पण बँकेत न वटलेले चेक | | |
| ००४४१७, २१-३, मिरची आडत, कळमना | ४६,८००.०० | |
| ००४४२१, २६-३, मालवाहतूक | ९,३५०.०० | |
| ००४४२३, २८-३, गोदामाचं भाडं | २२,०००.०० | |
| ००४४२४, २९-३, बारदाना | ७,२६५.०० | ८५,४१५.०० |
| वजा : भरलेले, पण जमा न झालेले चेक | | |
| काटोलचं गिऱ्हाईक, भरणा २९-३ | २७,९००.०० | |
| कामठीचं गिऱ्हाईक, भरणा २९-३ | १४,६३०.०० | ४२,५३०.०० |
| वजा : बँकेने चुकून दुसऱ्यांदा लावलेला चेकबुक चार्ज, १३-३ | | २३६.०० |
| पासबुकाप्रमाणे शिल्लक (जमा), ३१-३-२५ | | २,२९,९६०.५० |

पासबुकाची शेवटची ओळ हीच आहे. पै-पैसा जुळला.

खुलासे

न वटलेले चेक. वाहतुकीचा ००४४२१ हा २ एप्रिलला, भाड्याचा ३ ला आणि बारदान्याचा ४ ला वटला. तिघांचे मिळून ३८,६१५ गेले. राहिला कळमन्याच्या आडत्याचा ४६,८०० चा चेक. फोन केला, तर म्हणाला, "गल्ल्यातच आहे, नवीन वर्षात टाकतो." त्याच्या सोयीने त्याने ठेवला, त्याला आपण काही बोलू शकत नाही. पण तो कोणत्याही सकाळी बँकेत येऊन उभा राहील आणि २१ मार्चपासून तीन महिने त्याचा तो हक्क आहे. तोवर हे ४६,८०० खर्चून टाकलेत असंच समजून चालायचं.

काटोल आणि कामठीचे चेक २९ मार्चला, शनिवारी दुपारी भरले. महिन्यातला पाचवा शनिवार, म्हणून बँक उघडी होती. पण ३० ला रविवार आणि पाडवा, ३१ ला ईद, १ एप्रिलला बँकांची वार्षिक हिशेबाची सुटी. दोन्ही चेक ३ एप्रिलला जमा झाले. भरणा स्लिपा दुकानाच्या फायलीत लावल्यात. ऑडिटवाले त्या मागतीलच.

पंधरा हजारांची रोकड. हे जरा नीट सांगतो, कारण चूक माझ्या हातची आहे. ३१ ला संध्याकाळी गल्ला मोजला. दर सोमवारी भरतो तशी १५,००० ची थप्पी रबर लावून बाजूला काढली आणि सवयीने वहीत "बँकेत भरले" लिहून मोकळा झालो. त्या दिवशी शाखेत भरणा झालाच नाही. थप्पी तिजोरीत पडून राहिली आणि २ तारखेला भरली. "भरलेली पण जमा न झालेली" म्हणून ही रक्कम जुळवणीत चेकांच्या खाली ढकलता आली असती आणि आकडाही जुळला असता. पण ते खोटं झालं असतं. ते पैसे बँकेच्या वाटेवर नव्हते, आपल्या तिजोरीत होते. ३१ मार्चला हातातली रोख १५,००० ने जास्त आणि बँक तेवढीच कमी, अशीच ताळेबंदात दिसली पाहिजे. नोंद उलटवली आहे. २ एप्रिलच्या पानावर ती नव्याने येईल.

उलटे पडलेले आकडे. बाकी सगळं लावून झाल्यावरही १,८०० चा फरक राहत होता आणि त्याच्यात माझी अख्खी दुपार गेली. १,८०० ला नऊने पूर्ण भाग जातो, तेव्हा कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असावी म्हणून चेक फाडल्यावर चेकबुकात उरणारी अर्धी पानं काढली. ००४४०९ च्या पानावर स्वच्छ ६,४८० आहे, वाहतूकवाल्याचं बिलही तेवढंच. वहीत ४,६८०. बँकेने बरोबर दिले, लिहिण्यात चुकलो मी.

मुदत संपलेला चेक. रंगाऱ्याला १६ डिसेंबरला ५,२०० चा चेक दिला होता, तो आलाच नाही. चेक तीन महिने चालतो, त्यामुळे मार्चच्या मध्यात तो बाद झाला. म्हणून "न वटलेले" च्या यादीतून काढून बँकेत परत घेतला. मात्र ही कमाई नाही. रक्कम रंगाऱ्याच्या खात्याला देणं म्हणून जमा केली आहे. तो आला की जुना चेक परत घेऊन नवा द्यायचा.

उमरेडचा चेक. १८,७५० चा चेक "पुरेशी रक्कम नाही" म्हणून परत आला. बँकेचा मेमो २४ मार्चलाच आपल्याकडे आला, पण तो बिलांच्या गठ्ठ्यात दबून गेला. रक्कम पुन्हा गिऱ्हाईकाच्या नावे टाकली आहे. जुनं गिऱ्हाईक आहे, आधी तुम्ही फोन करा, मी केला तर तो "शेठशी बोलतो" म्हणेल. पण तारीख ध्यानात ठेवा. कलम १३८ खाली जायचं झालं, तर मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस निघावी लागते, म्हणजे २३ एप्रिलपर्यंत. २० तारखेपर्यंत पैसे आले नाहीत, तर वकिलांकडे कागद पाठवतो.

चार्जेस. चारही चार्जेस मार्चचेच आहेत, त्यामुळे नोंदी मार्चच्याच तारखेने २०२४-२५ मध्ये घातल्या. एसएमएस चार्जची ओळ पासबुकाच्या मशीनने पान उलटताना आधीच्या ओळीवरच छापली आहे. उजेडासमोर धरली तेव्हा २९.५० वाचता आले. मागच्या तिमाहीत अशीच एखादी सुटली असेल, तेव्हा शाखेतून छापील खातेउतारा मागवला आहे.

१,१५०.५० सरसकट बँक चार्जेसला टाकायचे नाहीत. त्यातले ९७५ खर्च, १७५.५० जीएसटी. आपला जीएसटी नंबर बँकेकडे नोंदलेला आहे, पण बँकेचं बिल जीएसटीच्या दोन-बी विवरणात दिसल्यावरच क्रेडिट घेईन. चेकबुकाचे २३६ मात्र १२ आणि १३ मार्च असे दोनदा लागलेत, चेकबुक आलं एकच. दुसरे २३६ आपल्या खर्चात घेतले नाहीत. ३ एप्रिलला शाखेत अर्ज देऊन पोच घेतली आहे. परत येईपर्यंत ही रक्कम जुळवणीत दिसेल.

३१ मार्चच्या किर्द नोंदी

| नावे | जमा | रक्कम (रु.) |
|---|---|---:|
| बँक | हिंगणघाटचं गिऱ्हाईक | ३२,४००.०० |
| बँक | रंगारी | ५,२००.०० |
| बँक चार्जेस ९७५.००, सीजीएसटी ८७.७५, एसजीएसटी ८७.७५ | बँक | १,१५०.५० |
| उमरेडचं गिऱ्हाईक | बँक | १८,७५०.०० |
| मालवाहतूक खर्च | बँक | १,८००.०० |
| रोख | बँक | १५,०००.०० |

आणि ॲडव्हान्सचं : आडत्याचे ४६,८०० बाजूला ठेवून आज सकाळच्या शिल्लकीवर १,००,००० चा चेक बिनधास्त देता येतो. तो लिहून टेबलाच्या खणात ठेवलाय, सहीपुरता बाकी आहे. उरलेला लाख उमरेडचे आल्यावर आणि या आठवड्याची वसुली बघून देऊ.

हिशेबनीस