मुकादमांचं निरोपाचं भाषण आणि त्यावरून केलेली पोस्ट

कोकण रेल्वेच्या निवसर–आडवली पट्ट्यातले रूळ सांभाळणाऱ्या आपल्या गँगचे मुकादम ३१ मे रोजी निवृत्त झाले. त्या संध्याकाळचं त्यांचं भाषण फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे. त्यातून ग्रुपवर आणि गावागावांत पाठवायची छोटी पोस्ट केली, ती खाली आहे. भाषण पूर्ण ठेवलंय, कारण गँगच्या पोरांना ते पूर्णच लागणार.

भाषण

साहेब, आणि गँगमधल्या सगळ्या पोरांनो,

शाल दिलीत, नारळ दिलात, घरच्यांनाही बोलावलंत. उपकार आहेत. आभाराची नावं घेत बसलो तर एखादं राहील आणि कुणाला तरी वाईट वाटेल, म्हणून सगळ्यांना एकदाच नमस्कार. उद्या जून लागतो, तेव्हा कामाचं बोलतो.

कटिंगच्या माथ्यावरचा चर आधी मोकळा करा. खालचं गटार साहेबांना दिसतं, म्हणून ते साफ होतं. माथ्यावरचा चर कुणाला दिसत नाही. त्यात काजूची, ऐनाची पानं कुजून बसतात, एका जागी बांध तयार होतो आणि सगळं पाणी उतारात शिरतं. आपला जांभा भोकाभोकांचा, तो पाणी खाली सोडतो. त्याच्याखाली चिकण माती असते, ती सोडत नाही. पाणी त्या मातीवर थांबतं, माती बुळबुळीत होते आणि वरचा जांभा कापासकट घसरतो. म्हणून वर गेलात की फावडं घेऊनच जा, नुसतं बघून परत येऊ नका. माथ्यावर कडेला समांतर भेग दिसली तर त्याच दिवशी कळवा. भेगेत पाणी जाऊ देऊ नका.

आता गस्तीचं. रूळ सगळेच बघतात, तुम्ही पाणी बघा. उतारातून झरा येतोय आणि पाणी नितळ आहे, तर ठीक. तोच झरा गढूळ झाला म्हणजे आतली माती वाहायला लागली. आणि भर पावसात वाहता झरा अचानक बंद झाला, तर आनंद मानू नका, पाणी आत कुठंतरी अडलंय. गटारात काल नव्हते असे खडे दिसले, झाड रुळाकडे कललं, खडी एका बाजूनं खचली, यातलं काहीही दिसलं तर तिथंच थांबा. खाली बसून रुळाच्या रेषेत नजर लावा. उभ्यानं बघितलं तर बारीक खोलगट जागा दिसत नाही.

दरड आलीच, तर आधी दगड हलवायला जाऊ नका. हे सगळ्यात जास्त चुकतं. माणूस घाबरतो आणि दगडाला हात घालतो. आधी लाल बत्ती लावा, स्टेशनला कळवा, मग गाडी ज्या बाजूनं आधी यायची आहे त्या बाजूला धावा. ६०० मीटरवर रुळावर गाडी थांबवायचा एक फटाका, १,२०० मीटरवर तीन, तिघांत १० मीटर अंतर. आपली एकेरी लाईन आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही तेवढंच करायचं. फटाक्याच्या पट्ट्या रुळाच्या डोक्याखाली नीट वाकवा, नाहीतर हादऱ्यानं तो खाली पडतो. डबा कोरडा ठेवा. बत्ती ड्यूटीला निघायच्या आधी तिन्ही रंगांत लावून बघा. कटिंगमध्ये पोचल्यावर तपासून काय उपयोग?

बोगद्यात गाडीचा आवाज ऐकू आला की कोनाड्यात शिरा. पुढचा कोनाडा गाठायची घाई नको. रात्री पाय टाकताना खाली उजेड पाहिजे, पाऊस उघडला की फुरसं खडीवर येतं. गमबूट घातलात तर तेवढं भय कमी.

नव्या मुकादमांचं ऐका. त्यांना चहा विचारा, पण त्याआधी चर दाखवा. आणि दोघं जोडीला असाल तर एकानं तरी बोलणं थांबवून कान उघडे ठेवा. डोंगर सुटताना आधी बारीक खडे पडतात, तो आवाज पावसातही कळतो. एवढंच. जेवायला चला, वाट बघतायत.

पोस्ट

"रूळ सगळेच बघतात, तुम्ही पाणी बघा."

निवृत्तीच्या दिवशी आमच्या मुकादमांनी गँगच्या पोरांना सांगितलेली ही गोष्ट. कोकणात दरड येते ती बऱ्याचदा पाण्यामुळं. जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या चिकण मातीवर साचतं आणि वरचा भाग घसरतो. डोंगरउतारावरचा नितळ झरा गढूळ झाला, किंवा भर पावसात वाहता झरा अचानक थांबला, तर त्या उतारापासून लांब व्हा आणि ग्रामपंचायतीला कळवा. रुळाजवळ असेल तर जवळच्या स्टेशनला सांगा.

या पावसात रात्री रुळावरून चालणाऱ्या प्रत्येक गस्तवाल्याला सुखरूप ड्यूटी. मुकादम, मनापासून नमस्कार.

पाठवणाऱ्यांसाठी

अवतरणातलं वाक्य बोलले तसंच ठेवलंय. "पाण्याच्या रंगाकडे लक्ष ठेवा" असं करून बघितलं, तर ती सूचना झाली. मुकादमांचा आवाज गेला. "रूळ" आणि "पाणी" समोरासमोर आहेत म्हणून ते लक्षात राहतं, तेव्हा त्यात शब्द घालू नका, काढूही नका. ते पहिल्या ओळीत आहे, कारण फोनवर पोस्ट अर्धी झाकली जाते आणि "आणखी वाचा" फार थोडे जण दाबतात.

पण नुसतं वाक्य फिरवू नका. रेल्वेबाहेरच्या माणसाला पाण्याचा आणि दरडीचा संबंध लगेच लागत नाही, म्हणून जांभ्याची ओळ त्याच्यासोबतच राहू द्या. पहिल्या खर्ड्यात ती नव्हती आणि दोघांनी वाचून विचारलं, "कुठलं पाणी, पिण्याचं?"

६०० आणि १,२०० मीटरचे आकडे मुद्दाम काढले. ते प्रशिक्षण घेतलेल्या गस्तवाल्यासाठी आहेत. गावातल्या कुणी ते वाचून स्वतः रुळावर धावायला लागला तर त्याचाच जीव जायचा. बोगदा, फुरसं, बत्ती हेही गँगपुरतं, तेवढी कात्री लागलीच.

"ग्रामपंचायतीला कळवा" हे मुकादम बोलले नव्हते. ते आम्ही घातलंय, म्हणून ते अवतरणाबाहेर आहे. त्यांनी वाचून होकार दिल्यावरच पोस्ट पक्की केली.

फोटो शालीचा नको. साफ केलेल्या माथ्यावरच्या चराचा, दिवसा काढलेला, गँगमधला एक जण फावड्यासह, असा घ्या. किलोमीटरचा दगड फोटोत येऊ देऊ नका. पोस्ट ८ जूनच्या आत जाऊ द्या. जोराचा पाऊस लागला की गावांतले ग्रुप वीज गेली, एसटी बंद यानंच भरतात आणि ही खाली ढकलली जाते.