संवत २०८२: बडोद्याच्या समस्त मराठी व्यापारी मंडळींना धनत्रयोदशी आणि लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा

॥ श्री गणेशाय नमः ॥
॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥
शुभ – लाभ

बडोदे
वसुबारस, शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

माझ्या सर्व व्यापारी बंधू-भगिनींना,
सा. न. वि. वि.

उद्या धनतेरस. आज दिवेलागणीला दुकानाच्या उंबऱ्यावर पहिली पणती ठेवली आणि गल्ला मोजायच्या आधी हे पत्र लिहायला बसलो. उद्या सकाळी शटर वर गेलं की तांब्याचे लोटे, पितळेची निरांजनं आणि स्टीलचे डबे यांच्या पलीकडचं मला काही दिसणार नाही. तुमचंही तसंच होणार. म्हणून शुभेच्छा आजच देतो.

धन्वंतरी तुम्हाला आरोग्य देवो, लक्ष्मी तुमच्या घरात आणि पेढीवर स्थिर राहो, आणि नव्या चोपड्याच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जमेची बाजू भरलेली राहो.

यंदा पूजेच्या दिवसावरून अनेकांचे फोन आले. अमावास्या सोमवारी २० तारखेला दुपारनंतर लागते आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत आहे. त्यामुळे आपले गुजराती शेजारी सोमवारी चोपडापूजन करताहेत आणि आपल्या घरच्या पंचांगात लक्ष्मीपूजन मंगळवारी २१ ला आहे. मी दोन्ही करणार आहे. दुकानातली वही सोमवारी, सगळ्या पोळीबरोबर. घरची लक्ष्मी मंगळवारी, लाह्या-बत्ताशांसकट. ज्या पोळीत तीन पिढ्या धंदा केला, तिच्या मुहूर्तापासून आपण वेगळं बसायचं हे माझ्या मनाला पटत नाही. बुधवारी २२ ला पाडवा, म्हणजेच इथलं बेसतुं वर्ष, आणि रविवारी २६ ला लाभपाचम.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं आता विचारतात की हिशेबाचं वर्ष तर ३१ मार्चला संपतं, मग दिवाळीला कसली नवी वही? त्यांचं चूक नाही. १९८९ पासून आयकराचं वर्ष सगळ्यांना एकच झालं. त्याआधी दिवाळी ते दिवाळी हिशेब दाखवायची मुभा होती आणि माझे वडील तसाच दाखवायचे. आज माझे सगळे आकडे टॅलीत असतात, जीएसटीचं रिटर्न महिन्याच्या महिन्याला जातं, आणि पूजेच्या पाटावर लॅपटॉपही असतो. त्याच्या झाकणावर मी हळदी-कुंकवाचं बोट लावतो. पण त्याच्या शेजारी लाल कापडाच्या बांधणीची एक वही असतेच. तिच्यावर श्री लिहायचा तो एका श्रीपासून सुरुवात करून, खालच्या प्रत्येक ओळीत एकेक वाढवत, देवळाच्या शिखरासारखा. मग स्वस्तिक, विड्याचं पान, सुपारी, एक रुपया, दोन दूर्वा. ही पहिली ओळ माझे वडील मला हाताला धरून लिहायला लावायचे. यंदा मी माझ्या नातीचा हात धरणार आहे. ती सहा वर्षांची आहे आणि तिचा श्री अजून उलटा येतो.

शेजारच्या जैन शेठांच्या चोपड्यावर पहिल्या पानाला गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, कयवन्ना शेठचं सौभाग्य, बाहुबलीचं बळ आणि अभयकुमाराची बुद्धी मागितलेली असते. लहानपणापासून ते पान वाचत आलो आहे. व्यापाऱ्याला जे जे लागतं ते सगळं त्या पाच ओळींत आहे. यंदा मी आपल्या सगळ्यांसाठी तेच मागतो.

आता एक गोष्ट सांगायची आहे. हे पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतलं.

मागच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री पस्तीस फुटांच्याही वर गेली. आपल्यातल्या किती जणांच्या दुकानात, गोदामात, घरात पाणी शिरलं हे मी सांगायला नको. माझं गोदाम कारेलीबागेच्या बाजूला. तीन दिवस तिथे पोचता आलं नाही. चौथ्या दिवशी कुलूप काढलं तेव्हा कुकरची खोकी लगद्यासारखी एकमेकांना चिकटली होती आणि तांब्याच्या घागरी चिखलाने काठोकाठ भरल्या होत्या. घागरी धुता येतात. चिंच-मीठ घेऊन आम्ही घरची सगळी माणसं बसलो आणि घासल्या. पण गोदामाच्या टेबलाच्या खणात माझी उधारीची वही होती, हाताने लिहिलेली. पोळीतल्या बायका वर्षभर दोन-दोन, पाच-पाचशे करून भांडी नेतात, ती नावं मी कधी कॉम्प्युटरवर चढवली नव्हती.

ती वही मी पानापानांत वर्तमानपत्र घालून पंख्याखाली वाळवली. पानं सुटली, पण शाई फुटली होती. जिथे नाव होतं तिथे निळा डाग, जिथे आकडा होता तिथे दुसरा डाग. मी घरात म्हटलं की हे गेलं असं समजायचं, कुणाला विचारायला जायचं नाही. पाण्यात त्यांचंही गेलंय.

गणपती झाले, नवरात्र आलं. एका दुपारी आमच्या पोळीतल्या सत्तरीच्या एक आजी दुकानात आल्या. पदराच्या गाठीतून पैसे काढून काउंटरवर ठेवले आणि म्हणाल्या, "दत्ताभाऊ, पुरणयंत्राचे तीनशे चाळीस राहिलेत माझ्याकडे. वही भिजली असं कळलं, म्हणून म्हटलं आपणच सांगावं." मला तीनशे चाळीस आठवतही नव्हते. त्यानंतर दिवाळीपर्यंत लोक येत राहिले. कुणी पूर्ण दिले, कुणी सांगितलं की बाकी एवढी आहे, लिहून ठेवा, संक्रांतीला देतो. मी नवी वही घातली आणि त्यांनी सांगितलेले आकडे तसेच उतरवले. एकालाही उलट विचारलं नाही.

आणि माल? शिहोरला ज्यांच्याकडून आमच्याकडे वडिलांपासून तांब्या-पितळेचा माल येतो, त्यांना मी फोन केला की या दिवाळीला मागणी देऊ शकत नाही, मागचेच थकलेत. ते म्हणाले, धनतेरसला दुकान रिकामं ठेवायचं नसतं, टेम्पो निघालाय, हिशेब सावकाश करू. माझ्या समोरच्या दुकानदाराने, ज्याच्याशी माझी रोजची स्पर्धा, त्याने स्वतःच्या कुकरची वीस खोकी माझ्याकडे आणून ठेवली आणि मूळ भावातच लावली. २९ ऑक्टोबरला धनतेरस होती. दोन महिन्यांपूर्वी चिखल उपसला होता त्या माणसाच्या दुकानात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती.

शिहोरचा शेवटचा हप्ता मी गेल्या आठवड्यात पाठवला. संवत २०८१ च्या वहीत आता माझ्या नावावर कुणाची बाकी नाही. हे लिहिताना मला किती हलकं वाटतंय ते तुम्हा व्यापाऱ्यांनाच कळेल.

आपले मराठी लोक या गावात आले ते गायकवाडांच्या फौजेबरोबर, मग सरदारक्या, कारकुनी, शाळा-कचेऱ्या. दुकान मांडणारे आपण थोडेच. भाव करायला, पत सांभाळायला, शब्दावर माल उचलायला आपण पुष्कळसं इथल्या गुजराती शेठांच्या ओट्यावर बसून शिकलो, आणि ते ऋण मी मोठ्या अभिमानाने सांगतो. मांडवीला सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली. माझे आजोबा तिथे पैसे ठेवायचे, पण पेढीवरची शब्दाची देवघेव त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. आता क्यूआर चिकटवलेला आहे, पैसे आले की पेटी मोठ्याने सांगते, चांगलंच आहे, मलाही सोयीचं आहे. एवढी एकच विनंती करतो की ज्याला यूपीआय जमत नाही आणि आज पैसेही नाहीत, त्याच्यासाठी आपल्या वहीत एक पान राहू द्या.

धंद्याचं थोडं. २२ सप्टेंबरपासून भांड्यांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. जुना माल बारा भरून घेतलेला, त्यामुळे हिशेब जुळवायला आमच्या सीएंना दोन रात्री लागल्या. पण पाटीवरचे भाव आम्ही पहिल्याच दिवशी उतरवले. ज्यांच्या मालावरचा कर उतरलाय त्यांनी तो गिऱ्हाइकाला दिसेल असा द्यावा. सोनं दहा ग्रॅमला सव्वा लाखाच्या पुढे गेलंय. घडियाळी पोळीतले आमचे सराफ बंधू सांगतात की लोक दुकानात येतात, बघतात आणि चांदीचं नाणं घेऊन जातात. जो अर्धा ग्रॅम घेईल त्यालाही पाटावर बसवून पाणी द्या. उद्याचा दिवस त्याच्यासाठीही वर्षातून एकदाच येतो.

हाथीखान्यातल्या किराणेवाल्यांना यंदा तेल-साखरेचा भाव साथ देवो. मंगळबाजारातल्या कपडेवाल्यांचा रात्री उशिरापर्यंतचा शेवटचा गठ्ठाही सुटो. औषधवाल्या बंधूंना धन्वंतरीच्या दिवसाचा खास नमस्कार. आणि ज्या बहिणी दांडिया बाजारात, रावपुऱ्यात घरातूनच चकली, अनारसे, कडबोळी करून विकतात त्यांनाही या पत्रात मी व्यापारी मंडळीतच धरलं आहे. वहिनी, ताई, तुम्हीही एक वही घाला आणि तिच्यावर श्री लिहा. तुमच्या मेहनतीचा हिशेब मांडला गेला पाहिजे.

उद्या संध्याकाळी धणे-गुळाचा नैवेद्य झाला की दक्षिणेकडे तोंड करून यमाचा कणकेचा दिवा लावायला विसरू नका. धावपळीत तो राहून जातो. या वर्षी आपल्यातून जे गेले त्यांच्यासाठी एक पणती जास्त लावा. मी माझ्या समोरच्या त्या दुकानदारासाठी लावणार आहे. मार्चमध्ये तो गेला. वीस खोक्यांचे पैसे त्याने हयातीतच घेतले, पण मूळ भावापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही. त्याचा मुलगा आता गादीवर बसतो. त्याचा हा पहिलाच चोपडा आहे. सोमवारी मुहूर्तावर आपल्यापैकी जमेल त्यांनी दोन मिनिटं त्याच्या दुकानात जाऊन बसावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पाडव्यापासून चार दिवस दुकान बंद राहील. लाभपाचमेला, रविवारी सकाळी, मुहूर्त करून उघडेन. पहिली भवानी तुमच्यापैकी कुणाच्या हातची झाली तर मला फार आनंद होईल. काही घ्यायलाच हवं असं नाही. चहा, लीलो चिवडा आणि घरचे अनारसे ठेवलेले असतील. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

साल मुबारक. शुभ दीपावली.

आपला स्नेहांकित,
दत्ताभाऊ
तांब्या-पितळेच्या व स्टीलच्या भांड्यांचे व्यापारी, बडोदे