व्होल्टमीटर लावल्यावर व्होल्टेज कमी का होतं?

सर, 9 व्होल्टच्या बॅटरीला 1 मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडले. प्रत्येकावर 4.5 व्होल्ट यायला हवेत. डिजिटल मल्टिमीटरवर दोन्हींवर साधारण 4.3 आले, म्हणजे बेरीज 8.6. मग किरचॉफचा नियम कुठे गेला? काट्याच्या मीटरवर (20 किलोओहम प्रति व्होल्ट) 10 व्होल्टच्या रेंजला जेमतेम 1.3, आणि 50 च्या रेंजला चक्क 3! रेझिस्टर 1 किलोओहमचे घेतले की सगळं बरोबर येतं.

माझा अंदाज असा: मीटरचा स्वतःचा रोध रेझिस्टरला पॅरलल बसतो. 10 च्या रेंजला तो 200 किलोओहम, मग 1 मेगाओहमसोबत मिळून सुमारे 167 किलोओहमच उरतात. त्या हिशोबाने 1.29 व्होल्ट येतात, म्हणजे आकडा जुळतो. डिजिटलचे 10 मेगाओहम धरले तर 4.29, तेही जुळतं.

इनपुट इम्पीडन्स म्हणजे हाच, दोन प्रोबमधून सर्किटला दिसणारा रोध ना? मग त्याला नुसता रेझिस्टन्स का म्हणत नाहीत? एसी मोजताना मीटरची कपॅसिटन्सही धरावी लागते म्हणून का? आणि जर्नलमध्ये वाचन लिहू की मीटर नसतानाचं काढलेलं मूल्य?