मांडे मांडीवर

📍 मध्यवर्ती बसस्थानक, बेळगाव. कोल्हापूर गाडी.

कंडक्टरनं दोनदा सांगून बघितलं. "मामा, खोका वर ठेवा की."

"वर नको वो. मांडे आहेत त्यात."

कंडक्टर इकडचाच असावा. पुढं एक शब्द बोलला नाही, शेजारच्या सीटवरची कुणाचीतरी पिशवी उचलून खाली ठेवली आणि तिकिटाकडं वळला.

खोक्यात एकवीस मांडे. भाचीचं लग्न कागलला, नवऱ्यामुलाच्या दारात. रुखवतात अकरा मांडायचे ठरलेत. मग एकवीस कशाला? कारण मामांना रस्ता माहीत आहे. काकती सोडली की वंटमुरी घाटाची वळणं, मग हत्तरगी, संकेश्वर, निपाणीच्या अलीकडं तवंदी घाट. वरच्या रॅकवर ठेवलेला खोका प्रत्येक वळणाला इकडून तिकडं घसरतो. मांड्याला दाब एकवेळ सोसतो, धक्का नाही. मांडीवर धरलं की धक्का माणूस खातो.

मांडा इतका नाजूक का, ते तो होतो कसा त्यावरून कळतं. मैदा आणि चिरोटी रवा समसमान, चिमूटभर मीठ, थोडं तेल. पीठ पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल भिजवून दोन-तीन तास झाकून ठेवायचं आणि नंतर तेलाच्या हातानं तिंबत राहायचं. गोळा ओढला की न तुटता लांबला पाहिजे. इथं घाई झाली तर पुढं सगळंच फाटतं. सारण म्हणजे पिठीसाखर, भाजलेली खसखस, वेलची आणि तूप. किलोभर साखरेला मूठभर खसखस आणि वीसेक वेलच्या. तुपाचं माप वाटीत सांगता येत नाही. सारण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटानं ढकलल्यावर सुटावा, इतकंच तूप. जास्त झालं तर भाजताना बाहेर येऊन खापरावर जळतं. कमी पडलं तर कोरडी साखर लाटताना एका बाजूला पळते आणि नेमकी तिथंच पारी फुटते. साखर दळल्यावर वस्त्रगाळ करायची ती याचसाठी. एक कण राहिला तरी पातळ पारीला भोक पडतं.

कणकेच्या उंड्यात सारण भरून आधी पोळीएवढं लाटायचं. नंतर लाटणं बाजूला ठेवून दोन्ही हातांवर घ्यायचं आणि मुठी फिरवत, कोपरापर्यंतचा हात वापरत वाढवत न्यायचं. मधोमध जाड आणि कडेला पातळ राहिला तर तो मांडा नव्हे, फसलेली साखरपोळी. मग तो पालथ्या खापरावर टाकायचा. मातीचं खापर आता फार थोडे लोक वापरतात, बहुतेक ठिकाणी पालथी लोखंडी कढई असते. चूल मात्र लाकडाचीच बरी. घरच्या गॅसच्या एका बर्नरनं कढईचा मधला भागच तापतो. मध्ये करपतं, कडा कच्च्या राहतात, आणि कच्ची कड दुसऱ्या दिवशी चिवट होते.

खरी कसोटी त्यानंतरची. गरम असताना आतली साखर विरघळलेली असते, मांडा रुमालासारखा मऊ असतो. खापरावरून उतरवताच त्याची चौकोनी घडी घालावी लागते. चार-दोन सेकंद उशीर झाला की साखर आळते आणि घडीच्या जागी कडकन तुकडा पडतो. म्हणून लाटणारी एक, भाजणारी दुसरी आणि घडी घालणारी तिसरी. एकटीनं मांडे करायला बसणं म्हणजे हौसच म्हणायची.

मामांचे मांडे आदल्या दिवशी पहाटे केलेले. पूर्ण निवल्याशिवाय भरायचे नाहीत, कारण आत वाफ कोंडली तर सकाळपर्यंत पापड सादळावा तसे सादळतात. खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे, त्यावर पुठ्ठा. मांडे आडवे, दोन थप्प्यांत, प्रत्येक दोनमध्ये बटरपेपर. कडेची फट कागदानं भरलेली, पण दाबून नव्हे. सुतळी खोक्याला, मांड्यांना नाही. रुखवताचे अकरा वरच्या बाजूला, कारण खालचे ओझ्यानं आधी जातात.

एवढं सगळं केलं आणि गाडी निपाणीलाच थांबली. पलीकडं काहीतरी गडबड होती, पुढं सोडत नव्हते. सीमाभागात हे कुणाला नवीन नाही. कधी बेळगावात काही होतं, कधी कोल्हापुरात. मग इकडच्या गाड्या इकडं उभ्या, तिकडच्या तिकडं आणि मधली माणसं पिशव्या घेऊन चालत. मामांना वडाप मिळालं. ड्रायव्हर म्हणाला, "खोका टपावर देतो बांधून." मामांनी मागच्या सीटवरच्या दोघांना सरकायला लावलं आणि परत मांडीवर घेतला. कोगनोळी गेली, दूधगंगेचा पूल गेला. पुलाच्या पुढं एका गतिरोधकावर जीप अशी आपटली की आतला आवाज सगळ्यांनी ऐकला. कुणीच काही बोललं नाही. एका म्हातारीनं तेवढं विचारलं, "किती गेले असतील?"

"सहा," मामा म्हणाले. खोका न उघडता.

सात गेले होते. चौदा शाबूत. अकरा रुखवतात लागले, तीन विहीणबाईंच्या ताटाला. आणि सातांचा चुरा मांडवात सगळ्यात आधी संपला, कारण मांडा खायचा असतो तो चुरूनच. वाटीत चुरा, वर गरम दूध, चमचाभर साजूक तूप, आणि लगेच तोंडात. दोन मिनिटं थांबलात तर खीर होते. काहींना तशीच आवडते, त्यांच्याशी वाद नको.

बेळगावहून मांडे नेणार असाल तर चार गोष्टी. घेताना एक मांडा उजेडाकडं धरून बघा. सारण सगळीकडं सारखं पसरलेलं दिसलं पाहिजे, एका कोपऱ्यात गडद ढीग नको. कड मोडून बघायला मागा, ती कडकन तुटली पाहिजे. वाकली तर तो शिळा किंवा कच्चा. तुपाऐवजी वनस्पती वापरलं असेल तर जिभेवर मेणचट थर राहतो, म्हणून चव घेतल्याशिवाय मोठी ऑर्डर देऊ नका. लग्नासाठी हवे असतील तर आधी सांगून ठेवा, आयत्या वेळी एकवीस मिळतीलच असं नाही. घरी कोरड्या डब्यात पंधरा दिवस सहज टिकतात. पावसाळ्यात मात्र नेऊ नका, बेळगावच्या हवेतच ते निम्मे मऊ होतात. दुकानात फुटके मांडे बाजूला ठेवलेले असतील तर तेही विचारा. दुधात घालायला तेच परवडतात.

आणि हो, लागतील त्याच्या दीडपट तरी घ्या. निपाणीच्या पुढची गाडी मिळेलच याची खात्री कुणी देत नाही.

#बेळगाव #मांडे #सीमाभाग #निपाणी #रुखवत