निर्णय टिपण: रॉटरडॅमचे दोन द्राक्ष कंटेनर, आज सायंकाळी ४.३०च्या आत होकार किंवा नकार

प्रति: संचालक मॅडम (मुक्काम बर्लिन)
प्रेषक: निर्यात समन्वयक, पिंपळगाव पॅकहाउस
गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६, सकाळी ११.४०

मॅडम,

`Fwd: Fwd: RE: Rotterdam 2x40 RF` ही मेलची साखळी तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या लोकांनी पुढे पाठवली आहे. ती उघडायची गरज नाही. मी ती जोडपत्रांसकट पहिल्यापासून वाचली आहे. निर्णय एकच हवा आहे.

निर्णय: दोन्ही कंटेनर (मिळून २८ टन थॉमसन, ५०० ग्रॅमचे पनेट) किलोला १.७० युरो पक्क्या दराने द्यायचे का? खरेदीदाराने हा दर बर्लिनच्या दुपारी १२पर्यंत, म्हणजे आपल्या ४.३०पर्यंतच खुला ठेवला आहे.

माझी शिफारस: हो, द्यावेत. आणि शेतकऱ्यांना दिलेला ९२ रुपयांचा दर अजिबात कमी करू नये.

दर का बदलला

मूळ सौदा १.८५ युरोचा होता, पण त्याला ७ मार्चच्या आत माल पोचण्याची अट होती. शिपिंग लाइनने आपले बुकिंग पुढच्या जहाजावर ढकलले. हे जहाज ८ तारखेला न्हावाशेवाहून निघेल आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून ३४ दिवसांनी, म्हणजे १४ मार्चला रॉटरडॅमला लागेल. त्या सुमारास तिथे दक्षिण आफ्रिकेचा मालही भरपूर असतो. त्यामुळे दर पुन्हा ठरवायला बसण्याचा खरेदीदाराला हक्क आहे, आणि त्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. त्याने दोन पर्याय दिले आहेत: १.७० पक्का दर, किंवा १.६० किमान हमी आणि विक्रीनंतर वरचा हिशेब.

साखळीत सगळे जिथे चुकत आहेत

विक्री विभागाचा कल हमीच्या पर्यायाकडे आहे. “खाली १.६० सुरक्षित आहे, बाजार चढला तर वरचे आपले,” असा त्यांचा विचार. तो २९ जानेवारीच्या मेलवर बेतलेला आहे आणि तोच मेल सगळीकडे फिरतो आहे. काल रात्री खरेदीदाराने कराराचा मसुदा पाठवला. तो एका फॉरवर्डच्या खाली जोडलेला असल्याने कोणी उघडलेला दिसत नाही. त्यातल्या चौथ्या कलमानुसार ८ टक्के कमिशन या १.६० मधूनच कापले जाणार आहे, आणि गुणवत्तेचा क्लेमही त्यातूनच वळता होणार आहे. म्हणजे आपल्या हातात १.४७ पडतील, तेही एकही क्लेम आला नाही तर. ही हमी नाही. मी खरेदीदाराच्या ऑफिसला फोन करून विचारले. कलम तसेच आहे, टंकनाची चूक नाही.

हिशेब (युरो १०० रुपये धरून, प्रति किलो)

शेतमाल ९२, पॅकिंग व प्रीकूलिंग २८, जहाजभाडे ३३, वाहतूक-कस्टम-तपासणी-विमा ६. एकूण १५९ रुपये. हे आकडे लेखा विभागाकडून आज सकाळी तपासून घेतले आहेत.

१.७० ला किलोमागे ११ रुपये सुटतात, दोन्ही कंटेनर मिळून सुमारे ३ लाख ८ हजार. हमीच्या पर्यायात कमिशन वजा जाता सुमारे ३ लाख ३० हजारांचा तोटा आहे. तो भरून निघून १.७० इतकेच पैसे हातात यायला तिथे माल जवळपास १.८५ ला विकला गेला पाहिजे. उशिरा पोचणाऱ्या मालाला मार्चमध्ये तो भाव मिळेल, यावर मी पैज लावणार नाही.

शेतकऱ्यांचा दर

लेखा विभागाने सुचवले आहे की आपला दर उतरला तर शेतकऱ्यांचाही किलोला १० रुपयांनी उतरवावा. त्यात २ लाख ८० हजार वाचतील, हे खरे आहे. पण सातही बागायतदारांना ९२ चा दर काढणीच्या आधी कळवलेला आहे, खरेदी अधिकाऱ्याचे मेसेज त्यांच्या फोनवर आहेत. त्या शब्दावर त्यांनी माल तोडला. जहाज चुकले त्यात त्यांचा काही दोष नाही. शिवाय १.७० ला त्यांचा दर न कापताही आपण नफ्यात आहोत. यातले पाच जण सलग चार हंगाम आपल्याकडे माल देत आहेत. अवकाळी पावसाच्या वर्षीही त्यांनी व्यापाऱ्याच्या रोख पैशाकडे न जाता आपल्यालाच माल दिला. मॅडम, या मुद्द्यावर माझे मत ठाम आहे, आणि ते तुमच्यापर्यंत स्पष्ट पोचावे म्हणून वेगळे लिहिले.

“सॅम्पल फेल” या मेलबद्दल

मंगळवारी लाल अक्षरांत फिरलेला हा मेल खरा आहे, पण तो प्लॉट या दोन कंटेनरमध्ये नाही. पॅलेट यादीतला प्रत्येक नोंदणी क्रमांक मी ग्रेपनेटवरच्या अहवालांशी स्वतः ताडून पाहिला. आपल्या सातही प्लॉटचे अवशेष युरोपीय मर्यादेच्या आत आहेत. नापास प्लॉटचा माल शीतगृहात वेगळ्या चेंबरमध्ये ठेवला आहे आणि तो युरोपला जाणार नाही. २०१० साली क्लोरमेक्वाटवरून अख्ख्या भारतीय द्राक्षांना जे भोगावे लागले ते माहीत असल्यामुळे यात मी कोणाच्या सांगण्यावर विसंबलो नाही.

एक गोष्ट अजून नक्की नाही

३४ दिवसांत देठ हिरवे राहतील का, हा प्रश्न उरतो. माल सोमवार-मंगळवारी पॅक झाला, प्रीकूलिंग नीट झाले आहे, प्रत्येक पेटीत दुहेरी ग्रेप गार्ड आहे. पॅकहाउस प्रमुखांना अडचण वाटत नाही. तरीही पाच पॅलेटचे देठ मी आज बघितले: चार उत्तम, एकावर टोकाला तपकिरी छटा. तो पॅलेट काढून बदली पॅलेट लावायला सांगितले आहे. क्लेमसाठी खरेदीदार ४८ तासांची मुदत आणि त्रयस्थ सर्वेअरचा अहवाल, या दोन्ही अटींना तयार आहे. त्या त्याने आज सकाळी लेखी दिल्या.

उत्तर उशिरा आले तर

१.७० चा प्रस्ताव संपतो आणि हातात फक्त हमीचा पर्याय राहतो. बंदराचा गेट कट-ऑफ उद्या शुक्रवारी रात्री ८ आहे. साखळीत काही ठिकाणी शनिवार लिहिले आहे, ती जुनी वेळ. कस्टम एजंटही त्याच वेळेवर चालला होता, त्याला कळवले आहे. कसारा घाटाची गर्दी धरून गाड्या उद्या पहाटे ५ ला सुटल्याच पाहिजेत. हेही जहाज चुकले तर पुढचे आठवड्याने, आणि तो आठवडा मालाच्या आयुष्यातून जाईल.

तुम्ही या मेलला फक्त “१.७० हो, ९२ कायम” एवढे लिहून पाठवा. खरेदीदाराचे उत्तर ड्राफ्टमध्ये तयार आहे, ते लगेच जाईल. साखळीतल्या सगळ्यांना मी अंतिम निर्णय एका मेलमध्ये कळवून विषय बंद करीन. १.७० मान्य नसेल तर मेलऐवजी फोन करा, कारण मग गाड्या थांबवायच्या की नाही हे तेव्हाच ठरवावे लागेल. मी ४.३० पर्यंत पॅकहाउसलाच आहे.

निर्यात समन्वयक