‘थांबू नकोस’ या पोस्टची दुरुस्ती

प्रिय अक्षय,

काल तू टाकलेली पोस्ट वाचली. ‘थांबू नकोस, हरू नकोस. स्वतःवर विश्वास ठेव, यश तुझ्या पायाशी लोळण घेईल.’ मागे उगवता सूर्य आणि डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला माणूस. (तो माणूस अशा प्रत्येक पोस्टमध्ये असतो. खाली कधी उतरतो कोण जाणे.)

तुझा हेतू चांगला आहे. पण सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्या पोरीनं हे वाचून उद्या सकाळी नेमकं काय करायचं? शिवाय राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट या पात्रतेच्या पेपरात ‘थांबू नकोस’ हा सल्ला चक्क बुडवतो. मी त्यातच बुडालो. बैठकव्यवस्थेचं एक कोडं सुटेना, मीही त्याला सोडेना. त्यात सात-आठ मिनिटं गेली आणि शेवटचा अख्खा उतारा वाचायचाच राहिला. माझे ३० बरोबर, १८ चूक. म्हणजे ७५ वजा ११.२५, हातात ६३.७५. पात्रतेला लागतात ६६. जिद्द कमी नव्हती रे, एक प्रश्न कमी पडला.

म्हणून तुझ्या पोस्टचा मजकूर मी असा लिहीन:

‘सीसॅटला ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. पात्रतेसाठी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं तर त्याचा चौथा हिस्सा वजा.

येत्या रविवारी दुपारी तीन ते पाच एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर प्रश्नावर गोल करा आणि पुढे जा. उतारे सगळे वाचून झाल्यावरच गोलांकडे परत या. उत्तर देताना शेजारी ‘ख’ (खात्री) किंवा ‘अं’ (अंदाज) लिहा.

तपासताना फक्त ‘अं’ वेगळे मोजा. पाच अंदाजांत एक बरोबर आला तर ना नफा ना तोटा. त्याहून कमी येत असतील तर अंदाज तुम्हाला बुडवताहेत. उतारा, गणित, बुद्धिमत्ता असे वेगवेगळे मोजा, कारण उताऱ्यातले अंदाज चालणाऱ्याचे गणितातले चालतीलच असं नाही. एका पेपरवरून ठरवू नका, निदान चार पेपरांचे आकडे जमवा.’

‘स्वतःवर विश्वास ठेव’ मी गाळलं. चार पेपरांत ७५च्या वर राहिलेल्याला तो ठेवायला सांगावा लागत नाही, आणि ५५ वर अडकलेल्याला आधी उतारे हवेत.

सूर्य ठेवायचा असेल तर ठेव, पण अक्षरं त्याच्यावर नको. पिवळ्यावर पांढरं वाचता येत नाही.

तुझा,
दादा