वक्त्यांचा परिचय: इंदुताई
(मराठी भाषा गौरव दिन, 27 फेब्रुवारी, वाई येथील वाचनालयाचे सभागृह)

(निवेदकासाठी: ‘शके 1799’ हे ‘शके सतराशे नव्याण्णव’ असे वाचावे. ‘रुमाल’ आणि ‘पायली’ हे शब्द सावकाश उच्चारावेत. शेवटच्या दोन वाक्यांपूर्वी थांबावे. घाई करू नये.)

नमस्कार मंडळी.

आज कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. मराठीचा गौरव करण्याच्या या दिवशी आपण अशा एका वक्त्यांना बोलावले आहे, ज्यांनी मराठीचा एक मोठा भाग आपल्याला पुन्हा वाचून दाखवला. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा देवघराच्या फडताळात, जुने पिवळे कागद असतील. त्यांवरची भाषा आपलीच आहे, लिहिणारी माणसेही आपलीच आहेत, पण त्यांची लिपी मोडी असल्यामुळे आपण ते कागद नुसते हातात धरून बसतो.

मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली, हात फारसा न उचलता, अक्षरामागून अक्षर लिहीत जाई. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. वाचणाऱ्याची मात्र परीक्षा होते, कारण दोन शब्दांमध्ये अंतर नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो आणि प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे असते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, या लिपीत आहेत. 2014 मध्ये युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला आणि ती संगणकावर लिहिण्याची वाट मोकळी झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही घडीवर फाटलेला, शाई फुटलेला, आजोबांच्या हातचा कागद वाचायला जाणते माणूसच लागते.

इंदुताई तशा जाणत्या आहेत. भूमी अभिलेख खात्याच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षे नोकरी केली. मोडी त्या तिथेच, एका वयस्क सहकाऱ्याच्या शेजारी बसून शिकल्या. निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षे दर रविवारी सकाळी त्या आपल्या घराच्या ओसरीवर मोडीचा वर्ग घेतात आणि कुणी कागद घेऊन आले, तर तो वाचून देतात. या कामाचे त्या पैसे घेत नाहीत.

त्यांच्या वाचनाची एक गोष्ट आपल्याला सांगितलीच पाहिजे. जवळच्या गावातील एक शेतकरी लाल फडक्यात गुंडाळलेला कागद घेऊन त्यांच्याकडे आले. तो कागद पिढ्यान् पिढ्या देवघरात होता, आणि ती जमिनीची सनद आहे असा घरातल्या सर्वांचा विश्वास होता. ताईंनी दोन संध्याकाळी बसून तो लावला. तो शके 1799 मधला, म्हणजे दख्खनच्या मोठ्या दुष्काळातला कागद निघाला. त्यात जमिनीचा उल्लेखही नव्हता. त्या वर्षी या घराला ज्यांनी ज्वारी दिली, अशा गावातल्या सात घरांची नावे आणि प्रत्येकापुढे पायल्यांचा आकडा, एवढेच त्यात होते. पाच नावांपुढे ‘फिटले’ असे लिहिले होते. उरलेल्या दोन नावांपुढची जागा कोरी होती.

(क्षणभर थांबावे.)

सनद निघाली नाही हे ताईंनी त्या गृहस्थांना सरळ सांगितले आणि कागदावरचे एकेक नाव वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या संक्रांतीला ते ज्वारीच्या दोन पिशव्या घेऊन त्या दोन घरी गेले, कारण ती घरे आजही त्याच गावात, त्याच आळीत नांदत आहेत.

मला स्वतःला इंदुताईंची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती अशी, की त्या कागदावर आहे त्याहून एक अक्षरही जास्त वाचत नाहीत. समोरच्या माणसाला काय ऐकायचे आहे हे त्यांना कळत असते. तरीही जिथे कागद गेला आहे, तिथे त्या आपल्या प्रतीत ‘येथे कागद फाटला आहे’ एवढेच लिहितात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. पूर्वजांविषयी आपण किती सहज काहीबाही बोलून जातो, हे आठवले की या एका ओळीचे मोल कळते.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, ‘घरातला जुना कागद’. ताई सुमारे पाऊण तास बोलतील. त्यानंतर, ज्यांनी आपापले कागद आणले आहेत, त्यांतील काही त्या येथेच पडद्यावर वाचून दाखवतील. कागद आणणाऱ्यांना एकच विनंती आहे: कागदाची घडी स्वतः उलगडू नये, ती ताईंनाच उलगडू द्यावी.

जुन्या मोडी पत्रांत मायन्यानंतर मजकूर येई आणि मजकूर संपला की लिहिणारा चार शब्दांत निरोप घेई. परिचयाचा मजकूर येथे संपला आहे, म्हणून त्या रीतीनेच मी आता बाजूला होते आणि ध्वनिक्षेपक इंदुताईंच्या हाती देते.

(थांबावे. ताईंकडे वळून, सावकाश.)

इंदुताई, बहुत काय बोलणे?
लोभ असावा, हे विनंती.